नमुनाबाई आणि दगडाची कातडी

आमच्या वारसा विभागात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. नमुनाबाई म्हणत. याची कारणं दोन. दगडाला हात लावण्याआधी त्या तळहाताएवढे चौकोन आखत, प्रत्येकात वेगळा उपाय करून पाहत आणि त्यांना नमुने म्हणत, हे एक. आणि बाई स्वतःच एक नमुना आहे असं ऑफिसचं एकमत होतं, हे दुसरं. हे दुसरं पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं. मी तिथला वरिष्ठ कारकून. दगडाबद्दल मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की तो फाइलवर ठेवला की कागद उडत नाहीत.

बाई रसायनशास्त्र शिकलेल्या. आधी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या, मग संग्रहालयाच्या कार्यशाळेत मूर्ती साफ करायला शिकल्या, आणि मग आमच्याकडे हंगामी म्हणून लागल्या. तो हंगाम एकोणीस वर्षं चालला होता. त्यांच्या खांद्यावर एक मळकी पिशवी असे. तिच्यात मऊ ब्रश, बांबूच्या चपट्या काड्या, रबराचा स्पंज, टॉर्च, पारदर्शक चिकटपट्टीचं रीळ आणि कापसात गुंडाळलेली एक काचेची नळी. ऑफिसात कुणी “मॅडम, पिशवीत काय डबा आहे का” म्हणून विचारलं, की त्या त्याच्याकडे अशा बघत की तो माणूस आपल्याच टेबलावर जाऊन उगाच काहीतरी शोधू लागे.

मोठे साहेब बदलून आले ते परिवहन खात्यातून. तिकडे त्यांनी दोनशे बस एका महिन्यात धुऊन-रंगवून रस्त्यावर आणल्या होत्या, आणि त्याचं मानचिन्ह ते सोबत घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांची नजर जुन्या न्यायालयाच्या इमारतीवर पडली. वालुकाश्माची इमारत, पुढे तीन कमानींची देवडी, कमानींवर पानांची आणि पक्ष्यांची कोरीव पट्टी. समोर साठ वर्षं एक बेकरी होती, तिच्या धुराड्याने आणि देवडीखाली इंजिन चालू ठेवून थांबणाऱ्या गाड्यांनी कमानींचा आतला भाग कोळशासारखा काळा केला होता. बाहेर, जिथे पावसाचं पाणी ओघळे, तिथे शेवाळाचा हिरवा लेप आणि दगडफुलाच्या करड्या खपल्या. इमारतीला सव्वाशे वर्षं पूर्ण होणार होती. समारंभाला चाळीस दिवस होते.

“नवी कोरी दिसली पाहिजे,” साहेब बैठकीत म्हणाले.

“नवी नाही ती,” नमुनाबाई म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. असं कुणी मध्ये बोललेलं त्यांना बसच्या डेपोत ऐकायला मिळत नसावं.

“किती दिवस लागतील तुम्हाला?”

“दोन आठवडे नमुन्यांना. मग शेवाळ-दगडफुलाला औषध लावून तीन-चार आठवडे थांबायचं. मग काम. चार महिने धरा.”

“थांबायचं म्हणजे?”

“म्हणजे काही करायचं नाही.”

खोलीत हशा पिकला. मीही हसलो. साहेबांच्या हशात सामील व्हायची संधी कारकुनाने सोडायची नसते.

बाईंनी समजवायचा प्रयत्न केला, पण त्यांचं समजावणं म्हणजे नापास झालेल्या पोरांची शिकवणी घेणं. दगडफूल दगडावर नुसतं बसत नाही, त्याचे धागे दगडाच्या कणांत शिरतात. जिवंत असताना ओरबाडलं तर कण घेऊनच येतं. आधी मारायचं, वाळू द्यायचं, पकड सुटू द्यायची. काजळी आधी कोरडीच उचलायची. पाणी मारलं की सुटी काजळी दगडाच्या छिद्रांत आत जाते. आणि कमानीखालचा काळा थर नुसती काजळी नाही, दगडातल्या चुन्याचं हवेतल्या धुराने जिप्सम झालंय आणि त्यात काजळी अडकून बसलीय. साहेब मोबाइलवर काहीतरी वाचत होते.

“बरं,” ते म्हणाले. “डावी बाजू तुमची. उजवी बाहेरच्या माणसाची. बघू कोण काय करतं ते.”

बाहेरचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा नमुनाबाईंचा चेहरा पहिल्यांदाच बिघडलेला मी पाहिला. तो त्यांचा धाकटा दीर होता. बाई लग्न होऊन घरी आल्या तेव्हा तो सहा वर्षांचा. त्याचं नाकतोंड त्यांनीच धुतलेलं. आता त्याची पाण्याच्या जोरावर चालणारी धुलाईची यंत्रं होती. पेट्रोलपंपाच्या फरशा, पाण्याच्या टाक्या, गाड्या, काय वाटेल ते धुवायचा. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पाठीवर लिहिलेलं “चकाचक”. ऑफिसात त्याचंही तेच नाव पडलं, आणि त्याला ते आवडलं.

“वहिनी, तुम्ही इथे?” तो म्हणाला.

“मी एकोणीस वर्षं इथेच आहे, भावोजी. तुम्ही विचारलं नाहीत कधी.”

त्यानंतरचे दोन आठवडे सगळं ऑफिस डब्याच्या सुट्टीत देवडीकडे जाई, ते तमाशा बघायला. डाव्या बाजूला नमुनाबाई आणि त्यांच्या हाताखालच्या दोन प्रौढ बायका, पूर्वी इस्पितळात साफसफाईला असलेल्या. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारा चौकोन. एकात नुसता कोरडा स्पंज. एकात वाफ. बाकीच्यांत अमोनियम कार्बोनेटचं पाणी कागदाच्या लगद्यात कालवून दगडावर लेप दिलेला, दगड आणि लगदा यांच्या मध्ये पातळ कागद, वरून प्लॅस्टिक. एक लेप अर्ध्या तासाने काढायचा, एक दोन तासांनी, एक सहा तासांनी. प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने वेळ लिहिलेली. एका चौकोनात त्यांनी जास्त कडक मिश्रण वापरलं; काळं झटकन निघालं, पण दगडातलं लोह ओढलं जाऊन त्याचा मूळ पिवळसर रंगच फिका पडला. बघ्यांना तोच चौकोन सगळ्यात आवडला. बाईंनी त्यावर फुली मारली.

“अहो, सगळ्यात स्वच्छ तर तोच आहे,” मी म्हणालो.

“गालाची साल काढली की गालही गोरा दिसतो, भाऊ. थोडा वेळ.”

उजवी बाजू चकाचकने दोन दिवसांत संपवली. आधी पिवळ्या डब्यातलं संडास धुवायचं आम्ल पाणी घालून झाडूने फासलं. दगडावर फस्सकन फेस आला. लोक मागे सरले आणि मग पुढे आले, कारण फेस म्हणजे काहीतरी होतंय. मग यंत्र सुरू झालं. भाल्यासारखी नळी, तिच्या टोकातून सुईसारखं पाणी. काळं पाणी खाली वाहू लागलं, आणि नळी जिथे जिथे फिरली तिथे सोनेरी दगड उघडा पडत गेला. खरं सांगतो, बघायला फार सुंदर होतं ते. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतः नळी हातात घेऊन एका पक्ष्यावर पाणी मारलं आणि फोटो काढून घेतला.

नमुनाबाई फेसाकडे बघत होत्या.

“भावोजी, तो फेस कशाचा आहे?”

“मळ निघतोय, वहिनी.”

“मळाला असा फेस येत नाही. वाळूच्या कणांना धरून ठेवणारा चुना आहे ना, तो विरघळतोय. सिमेंट काढून घेतल्यावर भिंतीत काय उरतं?”

“वहिनी, वरून दिसतंय काय ते बघा ना.”

त्यांनी पिशवीतून चिकटपट्टी काढली. एक तुकडा न धुतलेल्या जागी चिकटवला, दाबला, ओढला. जवळजवळ कोरा. दुसरा उजवीकडे. पट्टी उचलली तर त्यावर साखर सांडल्यासारखे कण. त्यांनी दोन्ही तुकडे कार्यशाळेतल्या काट्यावर तोलून आणले. आधी कोऱ्या पट्टीचं वजन करून ठेवलेलं होतंच. एकावर दोन मिलिग्राम, दुसऱ्यावर ब्याऐंशी. मग काचेची नळी मळलेल्या पुट्टीने दगडाला चिकटवून तिच्यात पाणी भरलं. त्यांच्या साफ केलेल्या चौकोनावर दहा मिनिटांत जेमतेम एक मिलिलिटर आत गेलं. उजवीकडे तीन मिनिटांत नळी रिकामी. “छिद्रं उघडी पडली,” त्या म्हणाल्या. “आता हा दगड स्पंजासारखं पाणी पिणार. ओल राहणार. शेवाळाला घर बांधून दिलंत तुम्ही.”

त्या पट्ट्या घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. मी सोबत होतो. साहेबांनी पट्टी उजेडाकडे धरली.

“वालुकाश्म म्हणजे काय हो?” त्यांनी मला विचारलं.

“वाळूचा दगड, साहेब.”

“मग वाळूच्या दगडातून वाळू निघणार नाही तर काय गूळ निघणार?”

असं साहेबी ज्ञान. त्याला उत्तर नसतं, कारण त्यात प्रश्नच नसतो. नमुनाबाईंनी वजनाच्या कागदासकट पट्ट्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेल्या. मी त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या.

समारंभ उजव्या बाजूसमोर झाला. डाव्या बाजूवर पडदा टाकला होता, कारण तिथे औषध लावलेलं दगडफूल मरत पडलं होतं आणि मरणारं दगडफूल पाहुण्यांना दाखवण्यासारखं नसतं. चकाचकला प्रशस्तिपत्रक मिळालं. भाषणात साहेब म्हणाले, काहींना काम करायचं असतं, काहींना थांबायचं असतं. नमुनाबाई शेवटच्या रांगेत बसून कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मी डोकावलो. हवेतल्या ओलाव्याचे आकडे होते.

मग त्यांचं काम सुरू झालं. समारंभ आटोपल्यामुळे आता बघायला कुणी येत नसे. मेलेल्या खपल्या तिघी बांबूच्या काडीने हळूच उचलत. जी उठत नसे ती सोडून देत. लोखंडी ब्रशला बंदी. त्याच्या ओरखड्यांत गंजाचे डाग राहतात. काळ्या थरावर दोन तासांचा लेप, मग क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने टिपायचं, पुसायचं नाही. दिवसाला एक पान, फार तर दीड. थोडा करडेपणा त्या मुद्दाम राहू देत. “सगळं काढायच्या नादात दगडाची कातडी जाते. ती परत येत नाही,” असं दोघी बायकांना सांगत.

आणि एक दिवस त्यांच्याच हातून चूक झाली. एका पानाच्या टोकाला काळ्या थराखाली दगड फुगून आतून सुटा झालेला होता. ते टकटक करून तपासायचं राहिलं. लेपाचा कागद उचलताना नखाएवढी कपची त्याच्यासोबत आली. दोघी बायकांखेरीज कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्या बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. नमुनाबाईंनी काम थांबवलं. कपची डबीत ठेवली, डबीवर जागा आणि तारीख लिहिली, खाचखळगे सावलीने उठून दिसावेत म्हणून टॉर्च आडवा धरून फोटो काढले, आणि दोन पानी अहवाल माझ्या टेबलावर आणून दिला. कुठे, किती लांब, किती रुंद, कुणाच्या चुकीने. चुकीसमोर स्वतःचं नाव. शेवटी सूचना : यापुढे प्रत्येक पान आधी बोटाने वाजवून बघावं; जे पोकळ वाजेल ते काळंच ठेवावं.

“बाई, हे कशाला देता?” मी म्हटलं. “कुणाला कळलंही नसतं.”

“पुढे जो येईल त्याला कळायला हवं की ही जागा अशी का आहे.”

अहवाल साहेबांकडे गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून ज्ञापन टंकायला सांगितलं : संरक्षित वास्तूचे नुकसान केल्याबद्दल आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये. मी म्हटलं, “साहेब, उजव्या बाजूला तर…”

“उजव्या बाजूला नुकसान झाल्याचा काही कागद आहे का फाइलला?”

नव्हता. ज्याने ब्याऐंशी मिलिग्राम काढले त्याला प्रशस्तिपत्रक, आणि जिने नखाएवढं लिहून दिलं तिला नोटीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशानेच दोर मोजून दिला होता. मी ज्ञापन टंकलं. शुद्धलेखन तपासलं. तेवढं मला नेहमीच छान येतं.

पोच घ्यायला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. त्यांचे यजमान खिडकीशी बसून मिक्सरची मोटर दुरुस्त करत होते. त्यांनी मला चहा विचारला, बायकोकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मोटरीत तोंड घातलं. भावाची बाजू घ्यावी की बायकोची, या पेचातून त्यांनी स्क्रू काढण्याची वाट शोधली होती. नमुनाबाईंनी सही केली. एवढ्यात चकाचक आला. हातात नवा डबा.

“वहिनी, उजवीकडे पांढरी भुकटी फुटलीय आणि खाली थोडं हिरवं आलंय. साहेब म्हणाले, वरून चमकदार लेप मारून टाक. तुम्ही एवढं लिहून द्या की दगड आधीपासूनच खराब होता.”

“बस,” त्या म्हणाल्या. घरात त्या त्याला एकेरीच बोलत. “तुझं आम्ल दगडात राहिलं, त्याचे क्षार झाले, पाण्याबरोबर ते बाहेर येतायत. वरून लेप मारलास तर आत अडकतील आणि पापुद्रे सुटतील. आणि दगड आधी कसा होता त्याचे फोटो आहेत माझ्याकडे. दाखवू?”

त्याने डबा खाली ठेवला. मग एकदम म्हणाला, “चालू असताना फार बरं वाटतं हो, वहिनी. एकदम उजळत जातं. टाक्या धुताना कुणी टाळ्या वाजवत नाही.”

“ठाऊक आहे. मी पण पहिल्यांदा मूर्तीला तेच केलं होतं. कारखान्यातलं आम्ल नेऊन. संग्रहालयातल्या सरांनी मला त्या मूर्तीसमोर महिनाभर बसवलं, रोज खाली पडलेले कण गोळा करायला.”

“मग मी काय करू?”

“उद्या सकाळी ये. यंत्र आणू नकोस.”

मग माझ्याकडे वळल्या. “ज्ञापनाचं उत्तर लिहून घ्या. होय, नुकसान माझ्या हातून झालं, मोजमाप आणि फोटो जोडले आहेत. उजव्या बाजूची अशीच नोंद कुणी ठेवली असल्यास तीही सोबत लावावी.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी मुद्दाम देवडीवरून गेलो. चकाचक उजव्या भिंतीसमोर उभा होता, निळ्या शर्टाऐवजी साध्या सदऱ्यात. साहेबांनी पाणी मारलेल्या पक्ष्याला चोच उरली नव्हती. त्याने तळहात दगडावरून फिरवला आणि हात पाहिला. मग पँटला पुसला नाही, तसाच धरून उभा राहिला. नमुनाबाईंनी त्याला वरची पन्हाळ दाखवली. तिचा सांधा फुटला होता आणि पाणी थेट भिंतीत उतरत होतं.

ऑफिसात मी फाइल उघडली. उत्तर लावलं. ड्रॉवरमधल्या चिकटपट्ट्या काढल्या, वजनाचा कागद काढला, आणि उत्तरामागे टाचून फाइल मुख्यालयाच्या तज्ज्ञांकडे पाठवून दिली, साहेबांच्या सहीच्या गठ्ठ्यात सरकवून. साहेब गठ्ठ्यातलं वाचत नसत. माझं आयुष्यभराचं शौर्य विचाराल तर ते एक टाचणी. त्याचा फुगा करू नये.

तज्ज्ञ आले ते अकरा महिन्यांनी. तोवर उजवी बाजू पूर्वीपेक्षा गडद हिरवी झाली होती. त्या हिरव्याखाली गंजाच्या रंगाचे ओघळ होते आणि हात लावला की कण पडत. डावी बाजू करडी-पिवळी, शांत. तीन पानं काळीच होती, आणि त्यांच्याखाली लहानशा चिठ्ठीवर ती का काळी ते लिहिलेलं. तज्ज्ञांनी स्वतःची काचेची नळी लावून पाहिली आणि अहवालात लिहिलं की वास्तूवर दाबाचं पाणी व आम्ल वापरू नये. जबाबदारी कुणाची, या रकान्यात मुख्यालयाच्या समितीने “हवामान” लिहिलं. मोठे साहेब बढतीवर गेले. जाताना ते मानचिन्ह घेऊन गेले, आणि आमच्या इमारतीचा सोनेरी फोटोही. नमुनाबाईंचं ज्ञापन मागे घेतलं गेलं नाही, ते दप्तरी दाखल झालं; अजून आहे.

नव्या साहेबांनी त्यांना विचारलं, उजवी बाजू डावीसारखी करून द्याल का.

“नाही. जे गेलं ते मी आणू शकत नाही. शेवाळाला सौम्य औषध लावेन, क्षारांसाठी शुद्ध पाण्याच्या लगद्याचे लेप देईन. ब्रश लावणार नाही. दर सहा महिन्यांनी पट्टी लावून कण मोजेन.”

“आणि दिसायला?”

“दिसायला असंच दिसेल.”

पन्हाळ त्यांच्या दिराने दुरुस्त करून दिली, यंत्राशिवाय, शिडी लावून. तो अजूनही टाक्या धुतो आणि पेट्रोलपंपही. दगडाचं काम आलं की वहिनीला विचारतो, आणि बहुतेक वेळा ते काम सोडून देतो. ऑफिसात मात्र लोक अजून म्हणतात की त्या माणसाने दोन दिवसांत काम केलं होतं, बाईंना वर्ष लागलं. मी आता त्या हशात नसतो. पण उठून काही बोलतो असंही नाही. गेल्या आठवड्यात नमुनाबाईंनी जुन्या वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलीने पहिला चौकोन आखला. मी तिथून जात होतो. त्यांनी मला टॉर्च धरायला दिला आणि म्हणाल्या, “आडवा धरा, भाऊ. सरळ धरलात तर काही दिसत नाही.”